दोन झरे, एक बाजार

एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीने गणित सोडवून उत्तराला चौकट केली होती : ३०. तिच्या वहीत दुसऱ्या वर्षातल्या ताईने चिठ्ठी ठेवली. पहिलंच वाक्य होतं, ‘उत्तर ३० आलं ना? मग तू दोन कंपन्यांचं नाही, एकाच कंपनीचं गणित सोडवलंस.’

गणित तसं जुनंच. फ्रेंच गणिती ऑगस्टीन कूर्नो याने १८३८ साली ते मांडलं. शेजारी-शेजारी दोन झरे, दोन मालक, पाणी एकाच प्रतीचं आणि काढायला खर्च नाही. आज किती पाणी बाजारात न्यायचं, हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो. दोघांचं मिळून जितकं पाणी येईल, तसा दर पडतो. ताईने आकडे सोपे घेतले होते. एका पिंपाचा दर १२० फ्रँक वजा दोघांची मिळून पिंपं.

मुलीची चूक मोठी गोड होती. दोघे सारखेच आहेत म्हणून तिने सुरुवातीलाच q1 = q2 लिहून टाकलं आणि मग नफा जास्तीत जास्त केला. इथेच घोळ झाला. असं लिहिल्यावर पहिल्या मालकाने एक पिंप वाढवलं की दुसऱ्याचंही आपोआप वाढतं. जणू दोघांचा एकच मुनीम आहे. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या नळावर पहिल्याचा हात नसतो.

म्हणून चिठ्ठी सांगते : आधी समोरच्याचा आकडा गोठव. तो कितीही असो, त्याला q2 म्हण आणि हलवू नकोस. आता पहिल्याचा नफा म्हणजे q1 गुणिले (120 - q2 - q1). या दोन अवयवांची बेरीज नेहमी 120 - q2 इतकीच राहते, आणि बेरीज ठरलेली असताना गुणाकार सर्वांत मोठा होतो तो दोन्ही अवयव सारखे असताना. म्हणजे q1 = (120 - q2)/2. हाच ‘बेस्ट रिस्पॉन्स’, समोरच्याच्या प्रत्येक आकड्याला आपलं सर्वांत फायद्याचं उत्तर. तो एकच आकडा नसतो, अख्खा नियम असतो. समोरचा शून्य तर आपण ६०, समोरचा ३० तर आपण ४५.

दुसऱ्याचाही नियम असाच. दोन्ही एकदम खरे ठरतात ते ४० आणि ४० वर. ‘दोघे सारखे’ ही सवलत घ्यायची तर इथे, नियम मिळाल्यावर. दर ४० आणि प्रत्येकाचा नफा १६०० फ्रँक.

बहुतेक मुलं इथेच पेन खाली ठेवतात. ताईचा आग्रह ताळा करण्याचा. दुसऱ्याला ४० वर ठेवून पहिल्याला ४१ करून बघ : दर ३९, नफा १५९९. ३९ कर : दर ४१, नफा पुन्हा १५९९. एकट्याने हलून कुणाचाच फायदा नाही, आणि जॉन नॅशच्या नावाने ओळखला जाणारा समतोल म्हणजे नेमकं हेच. आता तिचे ३० आणि ३० तपासू. दर ६०, प्रत्येकी नफा १८००. दिसायला जास्त चांगलं. पण एकाने गुपचूप ४५ पिंपं आणली तर दर ४५ होतो आणि त्याच्या खिशात २०२५ पडतात. दोघांच्या भल्याचा करार समतोल असेलच असं नाही, हे इथे आकड्यांतच दिसतं.

मालक नेमकं काय ठरवतात, हे मात्र आधी वाचायला हवं. १८८३ साली जोसेफ बर्ट्राँ याने कूर्नोवर हाच आक्षेप घेतला. मालक पिंपं नव्हे, दर ठरवत असतील तर? समोरचा ४० म्हणत असताना ३९ म्हणणाऱ्याकडे सगळं गिऱ्हाईक जातं. तो ८१ पिंपं विकून ३१५९ कमावतो. मग समोरचा ३८ म्हणतो. दर कितीही बारीक कमी करता येत असेल, तर ही घसरण शून्यापर्यंत जाते. झरे तेच, मागणी तीच, उत्तर मात्र पार वेगळं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक सराव आहे. दुसऱ्याला पिंपामागे ७० फ्रँक खर्च येतो. त्याचा नियम q2 = (50 - q1)/2 होतो, आणि दोन्ही समीकरणं सोडवली की q2 जवळजवळ उणे ७ येतं. उणे पाणी विकता येत नाही. अशा वेळी बेरीज-वजाबाकी चुकली म्हणून पान फाडायचं नाही, दुसऱ्याला शून्यावर ठेवून पुन्हा ताळा करायचा. तो शून्यावर असताना पहिल्याचं उत्तर ६०. पहिला ६० वर असताना दर ६० च्या वर जातच नाही, आणि ७० खर्चून ६० ला विकायला दुसरा मालक कशाला उतरेल? त्याचा झरा बंदच राहतो.