एक कॅरेटचा हिरा कुठल्या आकारात मोठा दिसतो?

काउंटरवर हिऱ्याची अंगठी घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मोठा दिसेल ना?" तो वजनाबद्दल विचारतच नाही. आपण मात्र माल वजनावर घेतो आणि गडबड तिथेच होते.

समजा चार हिरे आहेत, चारही एक कॅरेटचे. कॅलिपर लावला तर साधारण असं दिसेल: राउंड 6.4 मिमी, ओव्हल 7.8 बाय 5.6, पेअर 8.2 बाय 5.4 आणि कुशन 5.7 बाय 5.5. वरून दिसणारा पृष्ठभाग मोजला, तर ओव्हल राउंडपेक्षा सहा-सात टक्केच जास्त भरतो. पण डोळा लांबी पकडतो, त्यामुळे फरक त्याहून मोठा वाटतो. कुशनचं बरंच वजन खाली पोटात जातं, म्हणून तो सगळ्यात लहान दिसतो.

बोट लांब दिसण्याचंही तेच. ओव्हल किंवा पेअर बोटाच्या दिशेने उभा बसवला की आखूड, जाड बोट सडपातळ वाटतं. पेअरचं टोक नखाकडे ठेवा. हाच ओव्हल आडवा बसवलात तर उलटा परिणाम होतो, बोट रुंद दिसतं. राउंड आणि चौकोनी कुशन यात फारशी मदत करत नाहीत.

मग सगळ्यांनी ओव्हलच ठेवायचे का? मीही असंच समजून सुरुवातीला चार ओव्हल घेतले होते. त्यातले दोन आठ महिने ट्रेमध्ये पडून होते. का? मधोमध काळी सावली, बो-टायच्या आकाराची. ओव्हल आणि पेअरच्या मधल्या काही पैलूंमध्ये प्रकाशाऐवजी बघणाऱ्याच्या डोक्याचीच सावली परत येते. थोडीशी सावली बहुतेक लांबट हिऱ्यांत असतेच. हिरा चेहऱ्यासमोर नेहमीच्या अंतरावर धरून हळूहळू हलवा. सावली हलताना उजळत असेल तर चालेल, काळी ती काळीच राहिली तर घेऊ नका. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळेच हिरे चमकतात हो, म्हणून खिडकीजवळच्या साध्या उजेडात बघा.

दुसरी तपासणी पातळपणाची. मोठा दिसावा म्हणून कमी खोलीत कापलेला हिरा छापील अक्षरांवर पालथा ठेवा, म्हणजे सपाट बाजू कागदावर. मधून अक्षरं स्वच्छ वाचता आली, तर प्रकाश आरपार जातोय आणि चमक कमी पडणार.

चमकीत राउंडला तोड नाही, पण त्यात कच्चा हिरा जास्त वाया जातो आणि कॅरेटचा भावही सहसा जास्त असतो. कुशनची चमक दोन प्रकारची: काहींत मोठे, ठळक झोत, तर काहींत बर्फाच्या चुऱ्यासारखी बारीक लुकलुक. ऑर्डर देताना यातलं कुठलं हवं ते आधी सांगा आणि व्हिडिओ मागवा.

पेअर विकणार असाल तर टोकाला व्ही आकाराचा काटा घालून घ्या. टोक उघडं राहिलं तर ठोकर लागून टवका उडतो, आणि मग अंगठी तुमच्याच काउंटरवर परत येते.