बहात्तर पायऱ्या, दोनदा

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयासमोर 72 दगडी पायऱ्या आहेत. जगभरातून आलेली माणसं त्या पळत चढतात, वर पोचली की शहराकडे तोंड करून दोन्ही हात उंचावतात आणि फोटो काढून घेतात. त्यांतल्या बहुतेकांना संग्रहालयात काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं. 1976 सालच्या ‘रॉकी’ चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोन तिथे असाच उभा राहिला होता, एवढं त्यांना पुरतं.

पण चित्रपटात रॉकी या पायऱ्या दोनदा चढतो. पहिल्या वेळची नक्कल कुणी करत नाही. खेळपट आणि मारामारीच्या चित्रपटांत सरावाची जी वेगवान, गाण्यावर बांधलेली चित्रमालिका असते, जिला माँटाज म्हणतात, तिचं मर्म मात्र त्या पहिल्या चढण्यात आहे.

पहिली पहाट

कथा साधी आहे. 25 नोव्हेंबर 1975 ही तारीख पडद्यावर येते आणि आपल्याला रॉकी बाल्बोआ भेटतो. एका सावकारासाठी वसुली करणारा, अधूनमधून किरकोळ लढती खेळणारा, तिशीला टेकलेला मुष्टियोद्धा. विश्वविजेता अपोलो क्रीड 1 जानेवारीच्या लढतीसाठी त्याला निवडतो. हातात आठवडे अवघे पाच.

मग एक पहाट येते. चार वाजता गजर होतो. रॉकी एका ग्लासात पाच कच्ची अंडी फोडतो आणि उभ्याउभ्या पिऊन टाकतो. दिग्दर्शक जॉन जी. अव्हिल्डसन हे अंडी पिणं न तोडता दाखवतात. नंतर तो अंधारात, थंडीत धावायला निघतो. पावलं जड पडतात, हात बरगडीवर जातो. संग्रहालयाच्या पायऱ्या तो कसाबसा चढतो, वर वाकून उभा राहतो आणि लंगडत खाली येतो. स्फूर्ती देणारं संगीत नाही. प्रेक्षकाला ही चढण लांब वाटते, आणि ती तशी वाटावी हाच हेतू आहे.

त्यानंतर बराच काळ चित्रपट सरावाकडे फारसा वळत नाही. मिकी हा म्हातारा प्रशिक्षक, प्रेयसी एड्रियन, तिचा भाऊ पॉली यांच्याशी रॉकीचे संबंध बांधले जातात, तुटतात, पुन्हा जुळतात. त्यानंतर बिल कॉन्टी यांचं संगीत सुरू होतं आणि जवळपास तीन मिनिटांत पाच आठवडे सरतात.

कॅमेऱ्याला रीतिभूतकाळ नसतो

या तीन मिनिटांची अडचण मराठी माणसाला शाळेतल्या व्याकरणातून चटकन कळेल. ‘तो पहाटे उठे, धावायला जाई, घामाघूम होऊन परते.’ हा आपला रीतिभूतकाळ. एका वाक्यात शंभर पहाटा मावतात. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी 1972 मध्ये कथनातल्या काळाचा विचार करताना नेमकी हीच सोय वेगळी काढून दाखवली: अनेकदा घडलेलं एकदाच सांगणं.

कॅमेऱ्याला ही सोय नाही. तो जे टिपतो ती एकच ठरावीक पहाट असते. ‘धावे’ त्याला दाखवता येत नाही, फक्त ‘धावला’ दाखवता येतं. 1930 च्या दशकातल्या हॉलिवूडने यावर ढोबळ तोडगा काढला होता. कॅलेंडरची पानं उडायची, आगगाडीची चाकं फिरायची, वर्तमानपत्रांचे मथळे गरगरत पुढे यायचे. स्लाव्हको व्होर्कापिच हे अशा तुकड्यांचे नावाजलेले कारागीर. पुढे स्वतः दिग्दर्शक झालेले डॉन सीगल वॉर्नर ब्रदर्समध्ये हेच काम करत.

‘रॉकी’त कॅलेंडर नाही. तिथे रीतिभूतकाळाचा भास तीन गोष्टींनी उभा केला आहे. पहिली म्हणजे कपडे. रॉकी तोच राखाडी सराव-पोशाख घालून धावतो, म्हणून कोणताही दिवस कोणत्याही दिवसाला जोडता येतो आणि दिवस किती झाले हे मोजता येत नाही. दुसरी, प्रत्येक कृती अर्धवट सोडलेली आहे. तो बाजारातून धावतो, एक फळविक्रेता त्याच्याकडे संत्रं फेकतो, लगेच आपण तालमीत असतो. एका हातावरचे जोर, टांगलेल्या मांसावरचे ठोसे, पोटावर झेललेले मार. सुरुवात आणि शेवट कापून टाकला की ती कृती एका दिवसाची राहत नाही, सवयीची होते. तिसरी गोष्ट संगीत. बाजाराचा गोंगाट आणि तालमीतले आवाज मागे सारले जातात आणि वेगवेगळ्या दिवसांच्या तुकड्यांखाली एकच सलग चाल वाहत राहते. डोळ्यांना तुटक दिसतं, कानाला अखंड ऐकू येतं. गाण्याचे शब्द जेमतेम तीसेक आहेत. त्याहून जास्त असते तर आपण ते ऐकत बसलो असतो. संकलनाचं ऑस्कर ‘रॉकी’च्या संकलकांना, रिचर्ड हॅल्सी आणि स्कॉट कॉन्रॅड यांना मिळालं, त्यामागे असं बारीक काम आहे.

वाढ कुठे दिसते?

रीतिभूतकाळाची एक मर्यादा मात्र या मालिकेलाही चिकटते. ‘तो रोज धावे’ यावरून तो सुधारला की नाही हे कळत नाही. मधले जोर-ठोसे नीट पाहा. एका हातावरचे जोर तो पहिल्यांदा दिसतो तेव्हाच सफाईने मारतो आहे. त्यात कष्ट दिसतात, वाढ दिसत नाही.

वाढ दिसते ती शेवटी. नदीकाठी तो धावू लागतो, वेग वाढवतो, आणि पुन्हा त्याच 72 पायऱ्या येतात. या वेळी तो झेपावत चढतो, वर पोचून उजाडत्या शहराकडे वळतो. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, कारण मोजमाप त्याच्याजवळ आधीपासून आहे. ही चढण केवढी आहे हे त्याने पहिल्या पहाटे सोसलेलं आहे. तीन मिनिटांची ही मालिका त्या संथ दृश्यातून उचल घेऊन चालते. तो अंधारातला चढ कापून टाकला असता, तर उरला असता जिने चढणारा एक माणूस.

दुसरी चढण पडद्यावर तशी उतरली ती गॅरेट ब्राऊन यांच्यामुळे. पायऱ्यांवर कॅमेऱ्यासाठी रूळ टाकता येत नाहीत आणि हातात कॅमेरा घेऊन धावलं तर चित्र हादरतं. फिलाडेल्फियाचेच असलेल्या ब्राऊन यांनी कॅमेरा अंगावरच्या पट्ट्यांना आणि स्प्रिंगच्या बाहूला जोडून तरंगता ठेवणारं यंत्र बनवलं होतं, स्टेडीकॅम. ते दाखवण्यासाठी काढलेल्या नमुना-चित्रफितीत त्यांची मैत्रीण याच पायऱ्यांवरून धावते. ती फीत पाहून अव्हिल्डसन यांनी या पायऱ्या आहेत तरी कुठे, अशी चौकशी केली. म्हणजे जागा यंत्रामुळे सापडली. धापा टाकणाऱ्या माणसासोबत कॅमेरा न हिंदकळता वर गेला, तेव्हा चढणं तरंगण्यासारखं दिसू लागलं.

पाच आठवड्यांत किती होतं?

वेळ दाबली की शक्यतेची हद्दही धूसर होते. 1979 मध्ये ‘रॉकी 2’ आला. त्यात रॉकी शहरभर धावतो आणि मुलांचा घोळका मागे लागतो. पुढे फिलाडेल्फियातल्या एका पत्रकाराने पडद्यावर दिसणाऱ्या जागा नकाशावर क्रमाने जोडल्या, तर ती एका दमाची धाव सुमारे 30 मैल भरली. मॅरेथॉनपेक्षा जास्त! पाहताना कुणाला हे खटकत नाही, कारण संगीत जागांनाही दिवसांसारखंच शिवून टाकतं.

पहिला चित्रपट मात्र याबाबत सावध आहे. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. शरीर असलेले स्नायू अधिक नीट वापरू लागतं, स्नायू जाड होण्याचा वाटा नंतर मोठा होतो. मोरितानी आणि डीव्हरीज यांनी 1979 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. पाच आठवड्यांत दम सुधारेल, अंग चपळ होईल, पण विश्वविजेत्याला हरवण्याजोगा मुष्टियोद्धा घडणार नाही. चित्रपटालाही हे ठाऊक आहे. लढतीच्या आदल्या रात्री रॉकी एड्रियनला सांगतो की अपोलोला हरवणं आपल्याच्याने होणार नाही. शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहायचं आहे. आणि तसंच होतं. 15 फेऱ्या तो टिकतो आणि गुणांवर हरतो. पायऱ्यांनी दमाचं वचन दिलं होतं, चित्रपट तेवढंच पाळतो.

नंतरच्या अनेक चित्रपटांनी चाल उचलली, मोजमाप सोडून दिलं. ‘रॉकी 4’ (1985) मध्ये रॉकी बर्फात लाकडं फोडतो, ओंडके वाहतो आणि त्याच वेळी सोव्हिएत प्रतिस्पर्धी ड्रॅगो यंत्रांवर घाम गाळतो. तुकडे आलटून पालटून येतात, दोघांतला विरोध ठसतो. शेवटी रॉकी एका बर्फाळ शिखरावर पोचतो, पण तिथे तो आधी कधी हरलेला आपण पाहिलेला नसतो. अशा मालिकेची परीक्षा घरी घेता येते. आवाज बंद करा आणि मनातल्या मनात तुकड्यांचा क्रम बदला. काहीच बिघडत नसेल, तर तिच्यात मेहनत आहे, वाढ नाही.

गाळलेलं गाळलं नाही तर

मोजमाप ठेवून वेळ न दाबण्याचाही एक मार्ग आहे. 1978 मध्ये हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सने ‘द 36थ चेंबर ऑफ शाओलिन’ काढला. दिग्दर्शक लाउ कार-लियुंग स्वतः कुंग-फू जाणणारे. चित्रपटाचा मोठा मधला भाग म्हणजे सरावच आहे, गोष्ट त्याच्या दोन्ही बाजूंना. गॉर्डन लिऊने रंगवलेल्या सान तेला जेवणघरात जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन पलीकडे उडी घ्यावी लागते. तो पाण्यात पडतो, भिजतो, रात्री एकटा येऊन पुन्हा करून बघतो. पुढच्या एका दालनात पाण्याच्या बादल्या हात पसरून न्यायच्या असतात, आणि दंडांना पाती बांधलेली असतात, हात खाली आला की अंगात रुतणारी. प्रत्येक दालनात आधी अपयश, मग उकल. म्हणजे रॉकीच्या पायऱ्यांची जोडी इथे दालनागणिक पुन्हा येते, आणि मधला वेळ प्रेक्षकालाही काढावा लागतो.

अव्हिल्डसन यांना स्वतःच्या युक्तीची मर्यादा कळली असावी. 1984 मध्ये त्यांनीच ‘द कराटे किड’ केला, संगीत पुन्हा कॉन्टींचं. त्यात मियागी हा वयस्कर गुरू डॅनियलला कराटे शिकवतच नाही. गाड्यांना पॉलिश, लाकडी फरशी घासणं, कुंपण आणि घर रंगवणं असली कामं देतो. मुलाला वाटतं, आपल्याला फुकट राबवून घेतायत. प्रेक्षकालाही तसंच वाटतं, कारण हा सराव आहे हे त्यालाही सांगितलेलं नाही. डॅनियल चिडून भांडायला उठतो, तेव्हा मियागी एकेक वार करू लागतो आणि पुसण्या-रंगवण्यात मुरलेले मुलाचे हात ते अडवतात. ही वाढ एका थांबलेल्या, संगीताने न ढकललेल्या दृश्यात उघड होते. डॅनियल स्वतःच्या हातांकडे बघतो, आणि गेले काही दिवस आपण नेमकं काय पाहत होतो हे आपल्याला मागे वळून समजतं.

त्याच चित्रपटात जोशपूर्ण गाण्यावरची वेगवान मालिकाही आहे. अव्हिल्डसन यांनी ती सरावाला दिली नाही. ती येते शेवटच्या स्पर्धेत, किरकोळ फेऱ्या झटपट उरकायला.