प्रश्नावली नेमकी कुठे गळते?

वाचनालयाने सभासदांची ऑनलाइन पाहणी केली की कार्यकारिणीच्या सभेत एकच आकडा वाचून दाखवला जातो: इतक्या जणांची उत्तरे आली. किती जणांनी फॉर्म उघडला, दोन-तीन पाने भरली आणि मधेच बंद केला, हे सहसा कोणी विचारत नाही. ही माणसे बेफिकीर नव्हती. त्यांनी वेळ काढला होता, उत्तरे द्यायला सुरुवातही केली होती. मग एका ठरावीक पानावर ती का थांबली? प्रश्नावली लहान करायची असेल तर कात्री कुठे लावायची, हे ठरवायला या माणसांइतकी मदत दुसरे कोणी करत नाही.

उत्तरांबरोबर आपोआप जमा होणाऱ्या या माहितीला सर्वेक्षणशास्त्रात ‘पॅराडेटा’ म्हणतात. मिक कूपर या संशोधकाने १९९८ साली हा शब्द रूढ केला. कोणी काय उत्तर दिले ही झाली मूळ माहिती. ते द्यायला किती वेळ लागला, फोनवरून दिले की संगणकावरून, फॉर्म कोणत्या पानावर सोडला, हा पॅराडेटा. आपल्या हिशेबाला त्यातल्या दोनच गोष्टी पुरतात: प्रत्येक पानावर गेलेला वेळ आणि गळतीची जागा.

त्या मिळण्यासाठी साधन मात्र योग्य हवे. सर्वांच्या सवयीचा गूगल फॉर्म इथे अपुरा पडतो. कारण उत्तरे ‘सबमिट’ केल्यावरच ती फॉर्म करणाऱ्याच्या तक्त्यात येतात, तीही फक्त पाठवल्याच्या वेळेसह. अर्ध्यावर सोडून गेलेला माणूस त्यात दिसतच नाही. लाइमसर्व्हेसारखे मुक्त सॉफ्टवेअर पानागणिक उत्तरे साठवते. त्यात `Save timings` ही सोय आधीच चालू ठेवली तर पानांचे वेळही मिळतात. फॉर्म पूर्ण न केलेल्या माणसाच्या ओळीत `submitdate` हा रकाना रिकामा असतो आणि तो कुठवर आला होता हे `lastpage` सांगतो. इथे एक काळजी घ्यावी. साधन शेवटचे भरलेले पान नोंदते की शेवटचे पाहिलेले, याने सगळा निष्कर्ष एका पानाने सरकतो. म्हणून खऱ्या सभासदांना लिंक पाठवण्याआधी स्वतः दोन पाने भरावीत, तिसरे नुसते पाहून बंद करावे आणि तक्त्यात कोणता आकडा उमटतो ते तपासावे.

आता एक कल्पित उदाहरण सविस्तर पाहू. तालुक्याच्या गावातले वाचनालय आहे. सात पानांची प्रश्नावली व्हॉट्सअॅपवरून सभासदांना गेली. ४०० जणांनी पहिले पान उघडले आणि १५५ जणांनी शेवटपर्यंत भरून पाठवली. म्हणजे २४५ जण वाटेत गळले. त्यातले ४० पहिल्याच पानावरून परतले. त्यांचा फार विचार करण्यात अर्थ नाही, कारण लिंक नुसती उघडून पाहणारे असतातच आणि प्रश्न कमी केले तरी ते थांबतील असे नाही. काही पानांवर दर शंभरात पाच जण गेले. तीन पाने मात्र वेगळी निघाली.

तिसऱ्या पानावर बारा नियतकालिकांची यादी होती आणि प्रत्येकापुढे ‘नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही’ असे चार पर्याय. तिथे ७२ जण गेले. पाचव्या पानावर सभासद क्रमांक आणि अनामत रकमेची माहिती विचारली होती. तिथे ६४ गेले. सहाव्यावर सूचना लिहायला तीन मोकळ्या चौकटी होत्या. तिथे २९ गेले. नुसते आकडे पाहिले तर नियतकालिकांचे पान सर्वांत वाईट वाटते. पण त्या पानापर्यंत ३४२ जण पोचले होते आणि पाचव्यापर्यंत फक्त २५६. पोचलेल्यांपैकी किती गेले असे विचारले की तिसऱ्या पानावर शंभरात एकवीस आणि पाचव्यावर शंभरात पंचवीस, असा क्रम उलटतो. गळती नेहमी त्या पानावर पोचलेल्यांच्या संख्येने भागूनच मोजायची. नाहीतर सुरुवातीची पाने उगाच बदनाम होतात आणि शेवटची सुटतात.

वेळ मोजतानाही अशीच चूक होते, आणि ती सरासरीमुळे होते. समजा नऊ जणांनी एक पान प्रत्येकी दीड मिनिटात भरले. दहाव्याने ते बसमध्ये उघडले, फोन खिशात ठेवला आणि सात तासांनी घरी येऊन पुढे सरकवले. या दहा जणांची सरासरी येते जवळजवळ ४३ मिनिटे. इतका वेळ त्यांच्यातल्या कोणालाही लागलेला नाही. म्हणून सगळे वेळ चढत्या क्रमाने मांडून मधला वेळ, म्हणजे मध्यक घ्यावा. तो दीड मिनिटच येतो. शिवाय फोनवरून भरणाऱ्यांचा मध्यक वेगळा आणि संगणकावरच्यांचा वेगळा काढावा. एकाच प्रश्नाची दोन रूपे तिथे उघडी पडतात.

आपल्या वाचनालयात मध्यक असे निघाले: नियतकालिके ११० सेकंद, सभासद क्रमांक ९५ सेकंद, सूचना १४० सेकंद. फक्त वेळेकडे पाहणारा माणूस सूचनांचे पान आधी उडवेल. मला तो मोठा तोटा वाटतो. तिथे वेळ जातो कारण लोक विचार करून लिहितात. ‘रविवारी सकाळी दार उघडे ठेवा’ हे सांगणारी जागा तीच. वेळ जास्त आणि गळती बेताची असेल तर ते पान कष्टाचे असते, पण लोकांना ते कष्ट पटलेले असतात. तिथे तीन चौकटींची एक करावी, ती ऐच्छिक ठेवावी आणि शेवटी न्यावी. पान काढू नये.

पाचव्या पानावर सूचनांपेक्षा कमी वेळ लागला, तरी गळती सर्वांत मोठी. याचे कारण प्रश्न वाचूनच कळते. सभासद क्रमांक कोणाला पाठ नसतो. कार्ड कपाटात, माणूस कामावर. ‘नंतर बघू’ म्हणून तो टॅब बंद करतो आणि ते ‘नंतर’ येत नाही. काहींना दुसरीच शंका येते: नाव कळणार असेल तर ग्रंथपालांविषयी खरे कसे लिहायचे? आणि ही सगळी माहिती वाचनालयाच्या नोंदवहीत आधीपासून आहेच. हे पान पुरते काढले तरी पाहणीचे काहीच बिघडत नाही.

तिसऱ्या पानासाठी कार्यकारिणीला एक प्रश्न विचारावा लागतो: या उत्तरांवरून तुम्ही कोणता निर्णय घेणार? उत्तर असे येते की पुढच्या वर्षी कोणत्या नियतकालिकांची वर्गणी भरायची ते ठरवायचे आहे. मग ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांतला फरक कशाला हवा? ‘गेल्या महिन्यात यांपैकी कोणती वाचली?’ एवढे विचारून नावांवर खुणा करायला सांगितल्या तरी काम होते. अठ्ठेचाळीस गोल बटणांच्या जागी बारा चौकटी उरतात. फोनच्या पडद्यावर तो तक्ता आडवा सरकवावा लागायचा, तेही थांबते.

तरीही एक शंका उरते. लोक पाचव्या पानाला कंटाळले, की पाचव्या पानापर्यंत येताना कंटाळले? गळतीची जागा एवढ्यावरून हे सांगत नाही. मिर्ता गालेशिच आणि मायकेल बोस्न्याक यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना पाहणी १० मिनिटांची आहे असे सांगितले, काहींना २० आणि काहींना ३० मिनिटांची. प्रश्नांच्या गटांचा क्रमही प्रत्येकासाठी बदलत ठेवला. सांगितलेला वेळ जितका जास्त, तितके सुरू करणारे आणि पूर्ण करणारे कमी निघाले. त्याहून महत्त्वाचे असे की तेच प्रश्न मागे गेले की त्यांची उत्तरे घाईची, आखूड आणि एकसारखी येऊ लागली. म्हणजे जे टिकतात त्यांचेही लक्ष सुटत जाते, आणि ते गळतीच्या आकड्यात दिसत नाही. ते वेळेत दिसते: प्रश्न नीट वाचायलाच वीस सेकंद लागावीत आणि पान सहा सेकंदांत पुढे सरकावे, किंवा सगळ्या ओळींत एकाच रकान्यावर खूण असावी.

क्रम बदलण्याची ही युक्ती आपल्यालाही वापरता येते. मधल्या गटांचा क्रम काही दिवस यादृच्छिक ठेवावा. सभासद क्रमांकाचे पान दुसरे आले तरी लोक तिथेच गळत असतील तर दोष त्या पानाचा. ते पान कुठेही गेले तरी गळती पाचव्याच जागी राहत असेल तर दोष लांबीचा. मग एखाद्या पानाची डागडुजी पुरत नाही, प्रश्नच कमी करावे लागतात. सगळेच प्रश्न हवे असतील तर निम्मे एका गटाला आणि निम्मे दुसऱ्या गटाला विचारता येतात. पण तेव्हा प्रत्येक प्रश्नाला उत्तरेही निम्मीच मिळतात. १५५ उत्तरांच्या पाहणीत ते परवडत नाही.

पानांच्या वेळांना एक मर्यादा आहे. अनेक साधने पान पुढे सरकवल्यावरच वेळ नोंदतात. त्यामुळे जो पाचव्या पानावरून गेला, त्याचा त्या पानावरचा वेळ बहुधा मिळतच नाही. ९५ सेकंदांचा मध्यक हा ज्यांना कार्ड सापडले त्यांचा आहे. उरलेले पाच सेकंदांत गेले की पाच मिनिटे शोधून गेले, हे त्यातून कळत नाही. आणखी एक गोष्ट सचोटीची. या लोकांनी ‘सबमिट’ दाबलेले नाही. अर्धवट नोंदी कशासाठी वापरणार हे पहिल्या पानावर सांगितलेले नसेल, तर त्यातून फक्त मोजणी करावी, त्यांची मते अहवालात घेऊ नयेत.

आता छोटी प्रश्नावली खरेच चांगली ठरली का, हे कसे ओळखायचे? गेल्या महिन्याची जुनी आणि या महिन्याची नवी अशी तुलना फसवी ठरते, कारण पहिल्या फेरीत उत्साही सभासद आधीच उत्तर देऊन मोकळे झालेले असतात. ज्यांना अजून विचारलेलेच नाही अशा सभासदांची यादी चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटावी आणि एकाच दिवशी एका भागाला जुनी, दुसऱ्याला नवी पाठवावी. मग पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण पाहावे, आणि ते कोण आहेत हेही पाहावे. जुन्या प्रश्नावलीत नियतकालिकांच्या पानावर गळलेले बहुतेक फोनवाले असतील आणि फोनवाले बहुतेक तरुण असतील, तर हाती आलेले १५५ जण सगळ्या सभासदांच्या वतीने बोलत नव्हते. नव्या प्रश्नावलीत पहिल्या पानावरचे वयोगट आणि शेवटी पोचलेल्यांचे वयोगट जुळू लागले, तर कात्री योग्य जागी लागली. संख्या वाढली पण वयोगट तसेच विषम राहिले, तर आधीच बोलणाऱ्यांचाच आवाज मोठा झाला, आणि तरुण सभासद का निघून जातात ते फॉर्मबाहेर, वाचनालयाच्या काउंटरवर त्यांच्याशी बोलूनच शोधावे लागेल.