रोहित्राच्या अंतरंगाची परीक्षा

मावळ तालुक्याचा विजेशी संबंध जुना आहे. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचे पाणी घाटाखाली नेऊन खोपोली येथे १९१५ साली वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. आज याच मुलखात तळेगावचे कारखाने, वडगाव-कामशेतच्या पाणीयोजना आणि घाटमाथ्यावरील वाड्या-वस्त्या उपकेंद्रांतील मोठ्या रोहित्रांवर अवलंबून आहेत. येथील पावसाळा मुसळधार असतो. वाऱ्याने झाड तारांवर पडते, तारा एकमेकींना भिडतात आणि लघुपरिपथ, म्हणजेच शॉर्ट सर्किट, होतो. क्षणार्धात ब्रेकर उघडतो. झाड दूर केले, तार जोडली, तरी कधी कधी अभियंते लगेच वीज सुरू करीत नाहीत. ‘दोष तर तारेवर होता, मग रोहित्राची तपासणी कशासाठी?’ असा प्रश्न अशा वेळी ग्रामस्थ विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रोहित्राच्या पोटात आहे.

बाहेरचा दोष, आतला आघात

रोहित्राबाहेरील तारांवर लघुपरिपथ झाला की त्याला लागणारा सारा प्रवाह रोहित्रातूनच जातो. अभियंते याला ‘थ्रू फॉल्ट’ म्हणतात. उदाहरणादाखल २२०/२२ किलोव्होल्ट, ५० एमव्हीए क्षमतेचे एक रोहित्र घेऊ. त्याच्या २२ किलोव्होल्ट बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १,३१२ अँपिअर असतो. रोहित्राचा अंतर्गत संरोध साडेबारा टक्के धरला, तर उपकेंद्राच्या अगदी जवळ झालेल्या लघुपरिपथात हा प्रवाह जास्तीत जास्त आठपट, म्हणजे सुमारे १०,५०० अँपिअर होऊ शकतो.

गाभ्याभोवती तांब्याच्या दोन गुंडाळ्या एकीबाहेर एक अशा बसविलेल्या असतात. बहुधा कमी दाबाची गुंडाळी आत आणि उच्च दाबाची बाहेर असते. दोन्हींतील प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात. बाहेरची गुंडाळी बाहेर ताणली जाते आणि आतली गाभ्याच्या दिशेने दाबली जाते. हे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह आठपट झाला की बल चौसष्टपट होते आणि पहिल्या आवर्तनात प्रवाह त्याहूनही उसळत असल्याने आघात अधिकच तीव्र असतो. त्यामुळे आतल्या गुंडाळीला पोचा येऊ शकतो, वेढे सरकू शकतात आणि त्यांना धरून ठेवणारे ठोकळे ढिले पडू शकतात.

कठीण भाग पुढेच आहे. अशी वाकलेली गुंडाळी बहुधा तात्काळ बंद पडत नाही. विद्युत्‌रोधक कागद फाटलेला नसेल, तर तेलात वायू साठत नाहीत, बुखोल्झ रिले गप्प राहतो आणि रोधकाच्या नेहमीच्या चाचण्याही ठीक येतात. परंतु तिची ताकद घटलेली असते. पुढच्या पावसाळ्यातील तसाच आघात कदाचित शेवटचा ठरतो.

मडके वाजवून पाहावे तसे

बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो. अखंड मडके खणखणीत आणि तडा गेलेले बद्द वाजते. आत न पाहता आतली स्थिती कळते. वारंवारता-प्रतिसाद चाचणीचे तत्त्व असेच आहे. ‘एसएफआरए’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. कॅनडातील ऑन्टारिओ हायड्रो या संस्थेतील डिक आणि अर्व्हन यांनी १९७८ साली या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाने तिच्यासाठी २०१२ साली स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले.

गुंडाळीच्या प्रत्येक वेढ्याला प्रवर्तकता असते, तर वेढ्यावेढ्यांत, तसेच गुंडाळी आणि गाभा यांच्यात धारिता असते. हे गुण आकारावर आणि अंतरांवर ठरतात. गुंडाळीच्या एका टोकाला काही व्होल्टचा संकेत देऊन त्याची वारंवारता सुमारे २० हर्ट्झपासून २० लाख हर्ट्झपर्यंत क्रमाने वाढवतात आणि दुसऱ्या टोकाला तो किती पोहोचला ते मोजतात. त्याचा आलेख काढला की शिखरे आणि दऱ्यांची एक ओळ दिसते. ती त्या गुंडाळीची ओळखखूणच होय. आकार बदलला की दऱ्या जागा सोडतात.

आलेखाचा प्रत्येक भाग वेगळे सांगतो. सुमारे २,००० हर्ट्झपर्यंतचा भाग मुख्यतः गाभ्याचा असतो. साधारण २० हजार ते ४ लाख हर्ट्झच्या पट्ट्यात गुंडाळीचा विरूप आकार दिसून येतो. त्यापलीकडे जोडतारा आणि भूसंपर्क यांचा प्रभाव वाढतो.

एक तपासणी

आता वरच्याच रोहित्राची कल्पना करू. दोषानंतर ते दोन्ही बाजूंनी सोडवून घेतले आहे. बुशिंगवरील तारा काढल्या आहेत आणि टॅप बसवतेवेळच्या चाचणीत होता त्याच स्थानी आणला आहे. तिन्ही कलांच्या दोन्ही गुंडाळ्यांचे आलेख घेऊन ते बसवतेवेळच्या आलेखांवर ठेवले. आर आणि वाय या कलांचे आलेख जुळले. बी कलेच्या आतल्या गुंडाळीच्या आलेखात मात्र एक ते तीन लाख हर्ट्झच्या दरम्यानच्या दऱ्या स्पष्टपणे सरकल्या होत्या.

एवढ्यावर निकाल देणे योग्य नव्हे. म्हणून दुसरा पुरावा शोधतात. बी कलेचा लघुपरिपथ संरोध १२.५ टक्क्यांवरून १२.९ टक्के झाल्याचे आढळले, म्हणजे सुमारे तीन टक्क्यांची वाढ झाली. आतली गुंडाळी गाभ्याकडे दबली की दोन गुंडाळ्यांतील अंतर वाढते आणि संरोधही वाढतो. त्याचबरोबर आतली गुंडाळी आणि गाभा यांच्यातील धारिता वाढते, तर दोन गुंडाळ्यांमधील धारिता घटते. या मोजण्या एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की रोहित्र पुन्हा भारावर न घेता उघडून पाहण्याचा निर्णय पक्का होतो.

फसवे फरक

प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नव्हे. गाभ्यात शिल्लक चुंबकत्व राहिले, तर आलेखाचा केवळ सुरुवातीचा भाग सरकतो आणि गाभा विचुंबकित केल्यावर पूर्ववत होतो. तिन्ही कलांत केवळ उच्च वारंवारतेला फरक दिसला, तर आधी भूसंपर्काची पट्टी आणि तिची पकड पाहावी. टॅप बदलला किंवा टाकीत तेल नसले, तरीही आलेख बदलतो. मधल्या कलेचा सुरुवातीचा भाग बाजूच्या दोन कलांपेक्षा वेगळा असणे हे तर गाभ्याच्या रचनेमुळे स्वाभाविकच आहे.

ही चाचणी बिघाड गुंडाळीच्या कोणत्या वेढ्यात आहे हे नेमके सांगत नाही. जुना आलेख नसेल, तर त्याच बनावटीच्या दुसऱ्या रोहित्राशी किंवा एका कलेची दुसरीशी तुलना करावी लागते, आणि तिच्यातून निघणारा निष्कर्ष कमी खात्रीचा असतो. म्हणून रोहित्र कारखान्यातून निघताना आणि उपकेंद्रात बसवल्यावर घेतलेले आलेख, टॅपचे स्थान आणि जोडणीची पद्धत यांच्या नोंदीसह जपून ठेवावे लागतात. पहिला आलेख निरोगी अवस्थेतच घ्यावा लागतो. आघातानंतर तो मिळवण्याचा मार्ग उरत नाही.