सात टक्के व्याज आणि पाच ताग्यांची तूट

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. कुणी यंत्रमागावर, कुणी प्रोसेस हाऊसमध्ये, कुणी साड्यांच्या बाजारात. यातल्या बहुतेक घरांत बचतीचा एक ठरलेला मार्ग असतो. हाती लाखभर रुपये जमले की बँकेत मुदत ठेव करायची आणि पावती कपाटात ठेवून द्यायची. त्या पावतीवर व्याजाचा दर ठळक छापलेला असतो. त्या काळात भाव किती वाढणार आहेत हे मात्र तिच्यावर नसतं, आणि असूही शकत नाही. ठेव फायद्यात गेली की तोट्यात, हे ठरतं ते या दुसऱ्या आकड्यावर.

२००९-१० साली बँका एक ते तीन वर्षांच्या ठेवींवर साधारण सहा ते साडेसात टक्के व्याज देत होत्या. म्हणजे सात टक्के हा तेव्हा बरा दर होता. त्याच वर्षी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक १४५ वरून १६३ वर गेला. हे दोन्ही आकडे वर्षाच्या सरासरीचे आहेत. वाढ झाली १२.४ टक्के. २००९ चा पावसाळा कोरडा गेला होता. डाळी आणि साखर कडाडल्या होत्या. या एका वर्षाचा हिशेब नीट मांडला तर दर्शनी परतावा आणि वास्तव परतावा यांतला फरक लगेच समजतो.

सुरतेत तो मांडायला कापडाचं दुकान सगळ्यात सोयीचं. समजा, एका व्यापाऱ्याने ग्रे कापडाचे १०० तागे घेतले, ताग्याला २,००० रुपये या भावाने. गुंतले दोन लाख. वर्षाअखेर त्याने तो माल दोन लाख चौदा हजारांना विकला. वहीत चौदा हजार नफा, बरोबर सात टक्के. पण दुकान चालू ठेवायचं तर माल पुन्हा भरावा लागतो, आणि मधल्या काळात तागा १२.४ टक्क्यांनी महागून २,२४८ रुपयांवर गेलेला आहे. दोन लाख चौदा हजारांत आता ९५ तागे येतात. पैसे वाढले आणि गोदामातून पाच तागे कमी झाले. ज्याला रोज माल भरायचा असतो त्याला हे सांगावं लागत नाही. सूत महागलं की जुन्या खरेदीच्या भावावर नफा धरून विकणारा गोत्यात येतो, हे बाजारातल्या नवख्या गुमास्त्यालाही ठाऊक असतं.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९२८ च्या ‘द मनी इल्यूजन’ या पुस्तकात अशाच एका दुकानदार बाईची हकिकत दिली आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत भाव बेफाम वाढत होते. ती बाई फिशर यांना एक शर्ट विकते आणि आपल्याला त्यात नफा झाला असं समजते, कारण तिने तो कमी किमतीला घेतलेला होता. पण तसाच शर्ट पुन्हा दुकानात आणायचा तर तिला मिळालेले सगळेच पैसे मोजावे लागणार होते. फिशर यांचं म्हणणं असं की पैशाचं मोलच बदलतंय हे माणसाच्या ध्यानात येत नाही. त्याला फक्त वस्तू महागलेल्या दिसतात.

ठेवीदाराची स्थिती त्या व्यापाऱ्याहून अवघड आहे. व्यापाऱ्याला रिकामी फळी दिसते. ठेवीदाराच्या हाती मुदत संपल्यावर आधीपेक्षा मोठी रक्कम येते, आणि कमी झालेले तागे त्याच्या नजरेसमोर कधीच येत नाहीत.

आता गणित. बरेच जण सातातून १२.४ वजा करतात आणि ५.४ टक्के तोटा सांगतात. अंदाजापुरतं हे ठीक आहे. अचूक हिशेबासाठी भागाकार करायचा: १०७ भागिले ११२.४, म्हणजे ०.९५२. शंभराचे ९५ रुपये २० पैसे राहिले, तोटा ४.८ टक्के. वजाबाकीत तोटा जास्त दिसतो, कारण ते ५.४ रुपये वर्षाअखेरच्या, मोल घटलेल्या रुपयांत मोजलेले असतात. महागाई तीन-चार टक्के असेल तेव्हा हा फरक नगण्य असतो. महागाई जशी चढते, तसा तो मोठा होतो.

एक वर्ष वाईट गेलं असतं तर सोसता आलं असतं. पण भाव पुढेही चढतच राहिले. २०१३-१४ ला निर्देशांक २३६ वर पोचला होता. २००९-१० मध्ये सात टक्क्यांनी ठेवलेले एक लाख रुपये चार वर्षांनी, तिमाही चक्रवाढीने, सुमारे १,३२,००० झाले. बत्तीस हजार रुपये व्याज मिळालेला माणूस आनंदाने घरी येणारच. मात्र चार वर्षांपूर्वी एक लाखात जे येत होतं त्याला आता सुमारे १,४४,८०० रुपये लागत होते. जुन्या भावांत मोजलं तर त्याच्या हातात ९१,००० च्या आसपास होते. नऊ हजारांचा माल गेला, आणि तो कुणी नेला हे कोणत्याही कागदावर नव्हतं.

यात आयकर धरलेला नाही. व्याजाला लागणारा कर सगळ्या दर्शनी व्याजावर लागतो; त्यातलं किती नुसती महागाई भरून काढण्यात गेलं, हे तो बघत नाही. दहा टक्क्यांच्या पायरीवर असलेल्या माणसाची ती रक्कम करानंतर जुन्या भावांत ८८,७०० च्या आसपास उरते. म्हणजे ज्याला वास्तवात तोटा झाला, त्याने त्या तोट्यावर वर कर भरला. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते. व्याजातून महागाई वजा करून उरलेल्यावरच कर लावण्याची पद्धत अशक्य नाही. जमिनीवरच्या भांडवली नफ्याच्या बाबतीत कायद्याने वर्षानुवर्षं तशी सवलत दिलेली होती. ठेवीदाराला ती कधीच मिळाली नाही.

निर्देशांकाबद्दल एक शंका हमखास येते: आमच्या घरची महागाई तर याहून जास्त आहे. ती पुष्कळदा बरोबर असते. हा निर्देशांक केंद्र सरकारचं श्रम ब्यूरो काढतं आणि सुरत हे त्याचं एक केंद्र आहे. ठरलेल्या बाजारांतल्या ठरलेल्या दुकानांतून भाव गोळा होतात आणि कामगार कुटुंबाच्या खर्चात ज्या गोष्टीचा जेवढा वाटा, तेवढं वजन तिला मिळतं. २००१ च्या पायावरच्या मालिकेत खाद्यपदार्थांचं वजन सुमारे ४६ टक्के होतं आणि घरभाड्याचं १५. घरभाड्याचा आकडा वर्षातून दोनदाच, जानेवारी आणि जुलैत बदलतो. लिंबायतच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या आणि पगारातला निम्म्याहून अधिक भाग किराण्यावर घालणाऱ्या घराला २००९ च्या डाळ-साखरेचा फटका सरासरीहून जोरात बसला. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला भाडेवाढ लागलीच नाही. तेव्हा वास्तव परतावा काढताना छापील निर्देशांक वापरावा, पण आपला खर्च त्या टोपलीसारखा आहे का हेही बघावं. मुलांच्या शिक्षणासाठी ठेव असेल, तर फी किती वाढली हीच त्या ठेवीची महागाई.

ठेवीदाराचे नऊ हजार कुठेतरी जमा झालेच असणार. ते कर्जदाराच्या बाजूला गेले. त्या वर्षांत नऊ-दहा टक्क्यांनी गृहकर्ज घेतलेल्या माणसाचा हप्ता रुपयांत तोच राहिला आणि पगार भावांबरोबर वाढला असेल तर त्याचं ओझं हलकं झालं. सगळ्यात मोठा कर्जदार अर्थात सरकार. लोकांनाही हे हळूहळू कळलं आणि घरगुती बचत बँकेतून निघून सोन्याकडे वळली. २००९-१० मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा सरासरी भाव सोळा हजारांच्या आत होता, २०१३-१४ मध्ये एकोणतीस हजारांच्या आसपास. सोन्याची आयात इतकी वाढली की परकीय चलनाची ओढाताण झाली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क दहा टक्क्यांवर नेलं गेलं. पण ज्यांनी भाव चढल्यावर सोनं घेतलं, त्यांना पुढची पाच वर्षं तो भाव जेमतेम एकतीस हजारांपर्यंत गेलेला दिसला. तेवढ्या काळात निर्देशांक २३६ वरून ३०० झाला होता. म्हणजे पाच वर्षांत सुमारे सात टक्के दर्शनी वाढ आणि तरीही वास्तवात मोठी घट.

सरकारने एक उपाय केला होता. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने महागाईशी जोडलेले राष्ट्रीय बचत रोखे काढले. ग्राहक किंमतींची जी वाढ होईल ती अधिक दीड टक्का, दहा वर्षांसाठी. वास्तव परतावा आधीच ठरलेला असा हा सामान्य माणसासाठीचा दुर्मीळ कागद. त्याला प्रतिसाद अगदी थोडा मिळाला. दीड टक्का हा आकडा पाहून लोक हिरमुसले असावेत, आणि करही पूर्ण व्याजावर होताच. त्याच सुमारास बँका नऊ टक्के देत होत्या. ज्याने ते नऊ टक्के दहा वर्षांसाठी बांधून घेतले, तो रोखेवाल्यापेक्षा चांगला सुटला, कारण पुढच्या दशकात महागाई सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास राहिली. पण ठेव करताना त्याला हे माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी सात टक्के घेणाऱ्यालाही पुढचं माहीत नव्हतं. साध्या ठेवीचा वास्तव परतावा मुदत संपल्यावरच कळतो.

व्याजदर कमी असले म्हणजे ठेवीदाराचं नुकसान, असंही नाही. २०१७-१८ मध्ये ठेवींवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं आणि निर्देशांक तीन टक्क्यांच्या आसपास वाढला. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जवळपास वास्तव लाभ. दर पडले म्हणून त्या वर्षी नाराज झालेला ठेवीदार सात टक्क्यांच्या काळापेक्षा कितीतरी बऱ्या स्थितीत होता.

आपल्या ठेवीचा हिशेब घरी करायला फार काही लागत नाही. श्रम ब्यूरो दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आधीच्या महिन्याचा निर्देशांक जाहीर करतं, देशाचा आणि सुरतेचा स्वतंत्रही. ठेव ठेवली त्या महिन्याचा आणि मोडली त्या महिन्याचा आकडा घ्यायचा, दुसऱ्याला पहिल्याने भागायचं, आणि हाती आलेली रक्कम कर वजा करून त्या भागाकाराने भागायची. उत्तर मूळ रकमेपेक्षा कमी आलं तर तेवढी खरेदीची ताकद गेली. यात एक चूक होऊ शकते. ऑगस्ट २०२० चा देशाचा आकडा ३३८ आहे आणि सप्टेंबर २०२० चा ११८.१. भाव कोसळले नव्हते; पाया २००१ वरून २०१६ वर आणला गेला होता. देशाच्या नव्या आकड्याला २.८८ ने गुणलं की ११८.१ चे ३४० होतात आणि जुनी साखळी पुढे चालू राहते. सुरतेचा गुणक वेगळा आहे, म्हणून सुरतेचा आकडा घ्याल तर गुणकही सुरतेचाच घ्यायला हवा.