फोटोतला कुर्ता कुणाच्या मापाचा?

कपडे विकणाऱ्या काही संकेतस्थळांवर आता आपला फोटो दिला, की मॉडेलने घातलेला कुर्ता आपल्या अंगावर दिसतो. याची एक रीत म्हणजे व्यक्तिबदल. यात कपडा जागच्या जागी राहतो आणि त्यातलं माणूस बदलतं. संगणक मॉडेलच्या फोटोतून कुर्त्याचा भाग वेगळा काढतो, खांदे, कोपर, कंबर कुठे आहेत ते ओळखतो आणि कपड्याभोवती ग्राहकाचा चेहरा, केस, हात, अंगकाठी नव्याने रंगवतो. गळ्याखालची सावलीही इतकी बेमालूम पडते, की सांधा सापडू नये.

रंग खुलतो का, गळा शोभतो का, एवढं पाहायला हे चित्र बऱ्यापैकी उपयोगी आहे. घोळ होतो तो मापात.

समजा, पुढून बटणांचा सुती कुर्ता आहे आणि त्याच्या छातीचा घेर ३८ इंच आहे. मॉडेलची छाती ३३, म्हणजे पाच इंच ढिलाई. ग्राहक बाईंची छाती ३९. हे कापड ताणलं जात नाही, त्यामुळे छातीवरचं बटण लागणारच नाही. चित्रात मात्र कुर्ता त्यांच्याही अंगावर ऐसपैस झुळझुळतो, कारण त्यातल्या चुण्या मॉडेलच्या अंगावर पडलेल्या असतात.

संगणकाला हे कळत कसं नाही? फोटोत इंच नसतात, ही एक अडचण. दुसरी त्याच्या शिकवणीत आहे. २०१८च्या ‘व्हिटॉन’सारख्या प्रणाली दुकानी फोटोंच्या जोड्यांवर शिकल्या: एकात नुसता कपडा, दुसऱ्यात तोच मॉडेलच्या अंगावर. असे फोटो काढताना कपडा अंगावर नीट बसावा म्हणून पाठीमागून चिमटे लावण्याची चाल जुनी आहे. आखूड पडलेला, काखेत काचणारा कपडा विकण्यासाठी कोण दाखवील? मग जे कधी पाहिलंच नाही, ते संगणक रंगवणार कसं!

छापील कापडात ही लबाडी पकडता येते. मूळ फोटोत छातीवर आडव्या ओळीत नऊ बुट्टे दिसत असतील, तर आपल्या चित्रातलेही मोजावेत. नऊच आहेत, पण फुगून रुंद झालेत, तर कापड रबरासारखं ताणलं गेलंय. अकरा झाले असतील, तर दोन बुट्ट्यांचं कापड संगणकाने पदरचं घातलंय. साध्या कापडात चुण्या पाहाव्यात. मुंढ्यापासून निघालेली घडी दोन्ही चित्रांत त्याच जागी, तशीच वळत असेल, तर ती आपल्या अंगाची नव्हे.

मापासाठी दुकानाला कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंतची रुंदी विचारावी. तिची दुप्पट करून आपल्या छातीचं माप वजा केलं, की ढिलाई हाती येते. वरच्या कुर्त्याची रुंदी १९ इंच निघेल आणि बाईंची वजाबाकी उणे एक.