सांग्रिया: फळांची वेळ सांभाळताना

सांग्रियाच्या बहुतेक पाककृतींत एक वाक्य असतं: फळं चिरून वाइनमध्ये घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. वीस माणसांसाठी हे वाक्य पाळलं की दुसऱ्या दिवशी मोठं पातेलंभर कडसर पेय आणि त्यात लिबलिबीत झालेली फळं हाती येतात. कारण साधं आहे. संत्रं, सफरचंद, पीच आणि स्ट्रॉबेरी यांना वाइनमध्ये लागणारा वेळ एकसारखा नाही. काहींना चार तास हवेत, काहींना अर्धा तास पुरतो, आणि संत्र्याच्या सालीला तर फळापासून वेगळं काढून निराळंच वागवावं लागतं. तो वेळ कसा ठरतो हे कळलं की प्रमाणं आपोआप बसत जातात.

आधी वाइन. स्पेनमध्ये सांग्रियासाठी तरुण लाल वाइन वापरतात, बाटलीवर ‘होवेन’ असं लिहिलेली. टेम्प्रानियो किंवा गार्नाचा या द्राक्षांची, ओकच्या पिंपात फारशी न राहिलेली. रिओहा भागातली ‘क्रियांझा’ लाल वाइन किमान एक वर्ष पिंपात काढते. ‘रेसेर्वा’ त्याहून जुनी. या वाइन नुसत्या प्यायला उत्तम, पण सांग्रियात त्यांचं नुकसानच होतं. ओकमुळे आलेला व्हॅनिलासारखा वास संत्र्याच्या वासाशी भांडतो. दुसरं म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि लाकडातून येणारा तुरटपणा. वाइन थंड केली आणि त्यात आंबट रस पडला की हा तुरटपणा जिभेवर जास्त बोचतो. साखर वाढवून तो जात नाही, पेय फक्त गोड आणि तुरट होतं. म्हणून कमी तुरट, फळाची चव असलेली, साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोलची वाइन घ्यायची. नाशिककडच्या वाइनमधून निवडायची असेल तर झिन्फंडेल किंवा हलकी शिराझ, दुकानदाराला ‘ओक न लागलेली’ असं विचारून. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून मिळणारी स्वस्त लाल वाइन मुळातच गोड असते. ती वापरली तर पुढे सांगितलेली साखर जवळजवळ सगळी वगळावी लागेल.

स्वस्त वाइन चालते, बिघडलेली चालत नाही. प्रत्येक बाटली उघडल्यावर घोटभर ग्लासात ओतून हुंगायची आणि चाखायची, मगच पातेल्यात रिकामी करायची. ओल लागलेल्या वर्तमानपत्रासारखा कुबट वास आला तर बाटलीचं बूच दूषित झालेलं आहे. व्हिनेगरचा झणका आला तर वाइन आंबली आहे. अशी एक बाटली बाकीच्या सगळ्या वाया घालवते, आणि फळांचा वास तिला झाकू शकत नाही.

आता वीस माणसांचा हिशेब. पाऊण लिटरच्या सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर वाइन. पाव लिटर ब्रँडी, पाऊण लिटर संत्र्याचा ताजा रस, दोनशे ग्रॅम साखर आणि शेवटी सव्वा लिटर सोडा. सगळं मिळून सातेक लिटर होतं. दीडशे मिलिलिटरचे पेले भरले तर चाळीसहून अधिक, म्हणजे माणशी दोन. या मिश्रणात अल्कोहोल सुमारे दहा टक्के राहतं. गोडव्यामुळे आणि थंडपणामुळे ते जाणवत नाही, पण सांग्रियाचा एक पेला म्हणजे वाइनचा पाऊण पेला झालाच. पाहुण्यांना हे आधी सांगावं. ब्रँडी वाढवण्याचा मोह टाळावा. ती वासापुरती असते, अर्धा लिटर घातली की पेयाला उग्र दर्प येतो.

पाहुणे रात्री आठला येणार असतील तर दुपारी दोन वाजता सालीपासून सुरुवात करायची. संत्र्याचा सगळा सुवास सालीच्या बाहेरच्या रंगीत थरातल्या तेलात असतो. त्याच्या आतला पांढरा थर मात्र कडू. तीन घट्ट सालीच्या संत्र्यांची आणि दोन लिंबांची रंगीत साल सोलाण्याने पातळ पट्ट्यांत काढायची. नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि मऊ असते, सोलाणं तिच्यावर नीट चालत नाही. तिथे माल्टा किंवा आयात केलेलं संत्रं बरं. पट्टी उलटी करून पाहायची. आतली बाजू पांढरी दिसली तर सुरीने खरवडून टाकायची. या पट्ट्या साखरेत घालून बोटांनी चुरायच्या आणि झाकून ठेवायच्या. कोशिंबिरीसाठी काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच साखर सालीतलं तेल आणि ओलावा बाहेर ओढून घेते. तासाभरात साखर ओली, पिवळसर आणि सुगंधी होते. तिच्यावर संत्र्याचा रस ओतून ढवळलं की ती पूर्ण विरघळते, आणि मग पट्ट्या काढून टाकता येतात. थंड वाइनमध्ये कोरडी साखर टाकली तर ती तळाशी बसते. पहिले पेले आंबट आणि शेवटचे अतिगोड, असं होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

रस काढताना नागपुरी संत्री उत्तम, फक्त मिक्सर नको. बिया आणि पडदे चिरडले गेले की रस लगेच कडवटतो. हाताने पिळलेला रसही जास्त वेळ ठेवला तर कडू होत जातो. संत्र्याच्या पडद्यांत आणि बियांत असलेलं एक बेचव द्रव्य रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतं. ताजा रस गोड लागतो, काही तासांनी घशाशी कडवटपणा उरतो. बिनबियांच्या नेव्हल जातीच्या संत्र्यांत हे फार जाणवतं. सालीसकट संत्र्याच्या चकत्या वाइनमध्ये रात्रभर ठेवल्या की नेमकं तेच घडतं, वर पांढऱ्या थराचा कडूपणा अल्कोहोल खेचून घेतं तो निराळाच. म्हणून चकत्या शेवटच्या तासात घालायच्या, बिया टोकरून काढून.

चार वाजता खरं भिजवणं सुरू. चार सफरचंदं आणि सहा पीच, साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करून, वाइन, ब्रँडी आणि गोड केलेल्या रसात घालायचे. सफरचंद घट्ट असावं, पीच दाबल्यावर किंचितच दबणारं. या तुकड्यांत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. फळातला गोड रस बाहेर येतो आणि वाइन आत शिरते. चार तासांनी तुकडा कापून पाहिला तर कडेने लाल झालेला असतो आणि मध्यभागी फळाचा मूळ रंग उरलेला असतो. माझ्या मते हीच योग्य अवस्था. चावल्यावर आधी वाइन लागते, मग फळ. पूर्ण लाल झालेल्या तुकड्यात वाइनखेरीज काही शिल्लक नसतं. स्पेनच्या आरागोन भागात पीच आणि लाल वाइन यांचं नातं इतकं जुनं आहे की साखर आणि दालचिनी घालून वाइनमध्ये मुरवलेलं पीच तिथे जेवणानंतर गोड म्हणून खातात. सांग्रियातही दालचिनीचा एक तुकडा चालतो, पण दोन तासांत बाहेर काढायचा. नाहीतर मसाल्याचा वास बाकी सगळ्यावर चढतो.

द्राक्षं घालायची असतील तर अर्धी चिरून. अख्ख्या द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तासन्‌तास भिजवूनही आत काही जात नाही. स्ट्रॉबेरी अर्धा तास आधी, त्याहून लवकर घातली तर तिचा रंग उडतो आणि चोथा होतो. केळं आणि पपई नकोच. ती विरघळून पेय गढूळ करतात.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चांगल्या झिलईचं असावं. वाइन आणि लिंबूवर्गीय रस दोन्ही आंबट असल्याने तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्याशी त्यांची क्रिया होते, चव धातूसारखी होते आणि धातू पोटात जातो. लग्नकार्यातली मोठी ॲल्युमिनियमची पातेली हाताशी असली तरी ती बाजूला ठेवावीत.

आठ वाजता थंडगार सोडा, भांड्याच्या कडेने. आधी घातला तर त्याचा फसफसाट पाहुणे येईपर्यंत उडून जातो. बर्फ मोठ्या पातेल्यात टाकू नये. वीस माणसं येईपर्यंत तो वितळतो आणि शेवटचे पेले पाणचट होतात. पेल्यात दोन मोठे खडे पुरतात. पातेलंच थंड ठेवायचं असेल तर लिटरभर पाण्याचा एकसंध ठोकळा डब्यात गोठवून घालावा, तो चुऱ्यापेक्षा खूप हळू वितळतो. स्पेनमध्ये सांग्रियाच्या मडक्याची चोच मुद्दाम चिमटलेली असते. ओतताना बर्फ आणि फळं मागे राहतात, आणि फळं लाकडी चमच्याने वेगळी वाढतात.

सोड्याआधी, पेय पूर्ण थंड झाल्यावर एकदा चाखायचं. थंडपणात गोडवा कमी जाणवतो, म्हणून दुपारी बरोबर वाटलेली गोडी आता कमी वाटू शकते. त्यासाठी थोडा साखरेचा पाक हाताशी ठेवावा. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागावर कडवटपणा रेंगाळत असेल तर आधी सगळ्या चकत्या आणि साली काढायच्या, चिमूटभर मीठ घालायचं, आणि तरीही पुरलं नाही तर एक ताजी बाटली वाइन मिसळायची. मिठाने कडवटपणा खरोखर दबतो.

हाच वेळेचा नियम इतर वाइन पंचांनाही लागू पडतो. कातालोनियात कावा घालून सांग्रिया करतात. तिथे फळं आधी रसात आणि ब्रँडीत मुरवून कावाची बाटली वाढायच्या क्षणी उघडतात, बुडबुडे टिकावेत म्हणून. जर्मनीत मे महिन्यात पांढऱ्या वाइनचा ‘मायबोव्ले’ होतो. त्यात वाल्डमायस्टर नावाची वनस्पती किंचित सुकवून, जुडी दोऱ्याने बांधून उलटी टांगतात, अशी की पानं वाइनमध्ये बुडतील आणि देठांची कापलेली टोकं वर राहतील. अर्ध्या तासाच्या आसपास जुडी काढून घेतात. पांढऱ्या वाइनची सांग्रिया करायची असेल तर नाशिकची शेनां ब्लां चांगली. पण पांढऱ्या वाइनमध्ये कडूपणा लपायला जागाच नसते, म्हणून संत्र्याच्या चकत्या तिथे शेवटच्या अर्ध्या तासातच.

वाढताना एक काळजी. पातेल्यातल्या फळांत आता वाइन आणि ब्रँडी मुरलेली आहे. मुलं आणि न पिणारे पाहुणे यांच्यासाठी फळांची वेगळी वाटी ठेवावी, आणि पेल्याच्या तळातले तुकडे कुणी खात असेल तर तेही पिण्याच्या हिशेबात धरावेत. उरलेली सांग्रिया त्याच रात्री गाळून बाटलीत भरावी. चकत्या फेकाव्यात. गाळलेलं पेय फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगलं राहतं आणि नव्या सोड्याने पुन्हा जागं होतं. सफरचंदाचे आणि पीचचे तुकडे वेगळे ठेवले तर दुसऱ्या दिवशी मोठ्यांना व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर देता येतात.